चिठ्ठी, सामाईक रस्त्याबाबत

'सामाईक' हा शब्द ज्याने मराठीत आणला त्याला शेजारी नसावेत. असते तर त्याने या शब्दाचा अर्थ नीट समजावून सांगितल्याशिवाय तो वापरायची परवानगीच दिली नसती. सामाईक विहीर, सामाईक भिंत, सामाईक जिना, सामाईक नळ ही नुसती यादी वाचली तरी कोर्टाच्या आवारात उभं असल्यासारखं वाटतं.

आमच्याकडे सामाईक रस्ता आहे. पुण्यात, जुन्या बंगल्यांच्या भागात. मूळ प्लॉट एकाच गृहस्थांचा. पुढे त्यांच्या दोन मुलांत वाटणी झाली. एक घर फिरत फिरत आमच्याकडे आलं, दुसरं शेजाऱ्यांकडे. फाटक एकच राहिलं आणि फाटकापासून मागच्या दोन गॅरेजांपर्यंतचा साठ फुटांचा रस्ताही एकच राहिला. रुंदी साडेनऊ फूट. वाटणीपत्रात लिहिलंय की 'सदर रस्ता उभयतांनी जाण्यायेण्यासाठी सामाईक वापरावा व त्यावर कोणीही अडथळा करू नये.' ज्या काळात हे लिहिलं गेलं त्या काळी पुण्यात अडथळा करायचा म्हटलं तर सायकल आडवी टाकावी लागे. स्कूटरसाठी नंबर लावून माणसं वर्षानुवर्षं थांबत. साडेनऊ फूट म्हणजे तेव्हा राजरस्ता होता.

आता शेजाऱ्यांकडे दोन मोटारी आणि तीन दुचाक्या आहेत. माणसं चार. पाचव्या वाहनाला बसायला माणूस नाही, पण उभं राहायला आमचा रस्ता आहे. गॅरेज आहे, परंतु त्यात जुना फ्रीज, गणपतीचं मखर आणि एक ट्रेडमिल राहतात. त्यांना पाऊस लागू नये हे योग्यच आहे.

माणूस चांगला आहे, हे आधी सांगितलं पाहिजे. शेजारी वाईट असता तर हा प्रश्न फार सोपा झाला असता. वाईट माणसाशी कसं वागावं यावर आपल्याकडे भरपूर वाङ्मय आहे. कोजागरीला मसाला दूध पाठवणाऱ्या, आम्ही गावाला गेलो की झाडांना पाणी घालणाऱ्या, आणि तरीही गाडी बरोबर रस्त्याच्या मधोमध उभी करणाऱ्या माणसाचं काय करायचं, याबद्दल मात्र कोणी काही लिहून ठेवलेलं नाही.

त्यांचं म्हणणं एकच असतं. "काका, दोनच मिनिटं."

मी एक महिना दुधाच्या कॅलेंडरवर ही दोन मिनिटं टिपून ठेवली. एकोणीस वेळा गाडी रस्त्यात होती. सगळ्यांत लहान दोन मिनिटं सहा मिनिटांची होती आणि सगळ्यांत मोठी एक तास पन्नास मिनिटांची. ते खोटं बोलत नाहीत. गाडीतून उतरताना त्यांच्या मनात खरोखर दोनच मिनिटं असतात. मग घरात चहा झालेला असतो, फोन येतो, आणि दोन मिनिटं त्यांच्याकडून निघून आमच्याकडे राहायला येतात.

माझा एक वकील मित्र आहे. त्याच्याकडे मी हा विषय काढला तेव्हा त्याने एखाद्या गवयाने तंबोरा घ्यावा तसा 1882चा सुविधाधिकार कायदा हातात घेतला. दुसऱ्याच्या जमिनीवरून वीस वर्षं उघडपणे, शांतपणे, खंड न पडता आणि हक्क म्हणून जात राहिलात, तर ती वहिवाट पक्की होते, असं त्यातलं पंधरावं कलम म्हणतं. यात मेख 'हक्क म्हणून' या दोन शब्दांत आहे. म्हणजे वीस वर्षं रोज तुम्ही "जाऊ का हो?" असं विचारून गेलात, तर वीस वर्षांनी तुमच्याजवळ काहीही जमा होत नाही. परवानगीने जाणाऱ्याचा हक्क तयार होत नाही. न विचारता गेलेल्याचा होतो. सभ्य माणसाचा सभ्यपणा कायद्याने इतका स्पष्ट शब्दांत दंडनीय ठरवलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

"पण हे तुला लागू नाही," मित्र म्हणाला, आणि मला हायसं वाटलं. "तुमचा रस्ता दुसऱ्याचा नाही, दोघांच्या मालकीचा आहे."

"म्हणजे निम्मा माझा?"

"निम्मा नाही. सगळा तुझा. आणि सगळा त्यांचाही."

हे मला समजायला वेळ लागला, पण एकदा समजल्यावर त्याची गोडी वाटायला लागली. सामाईक म्हणजे अर्धं अर्धं नव्हे. साडेनऊ फुटांचे दोन भाग केले तर पावणेपाच फुटांच्या दोन चिंधोट्या होतील आणि कोणाचीच मोटार आत येणार नाही. रस्ता ही वस्तूच अशी आहे की वाटली की नाहीशी होते. म्हणून प्रत्येक इंचावर दोघांचाही हक्क, पण तो दुसऱ्याचा हक्क चालू राहील अशाच बेताने वापरायचा. शेजारी गाडी लावताना नेहमी त्यांच्या भिंतीला चिकटून लावतात आणि म्हणतात, "तुमची बाजू मोकळी ठेवलीय." चूक इथेच आहे. रस्त्याला बाजू नाही. त्याला फक्त दोन टोकं आहेत.

ही मोकळी ठेवलेली बाजू मी टेपने मोजली. कंपनीच्या माहितीपत्रकात त्यांच्या गाडीची रुंदी पाच फूट आठ इंच आहे. पण माहितीपत्रकातली रुंदी आरसे सोडून असते. आरसे धरले की सहा फूट चार इंच. भिंतीपासून सहा इंच तर कोणीही सोडणारच. उरतात दोन फूट आठ इंच. तेवढ्यातून स्कूटर जाते, दूधवाला जातो, मांजर तर दिमाखात जातं. शेजाऱ्यांच्या मते म्हणून रस्ता मोकळा आहे. माणूस जातो म्हणजे वाट मोकळी, हे त्यांचं तत्त्वज्ञान. पण आमची मोटार जात नाही, आणि रिक्षाही जात नाही. रिक्षाला सव्वाचार फूट लागतात.

रिक्षाचं कारण असं की माझ्या सासूबाई आमच्याकडे असतात आणि त्यांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं. सकाळी सातला रिक्षा येते. ती दारापर्यंत आली तर दोन पायऱ्या उतरायच्या आणि बसायचं. फाटकाशीच थांबली तर वॉकर घेऊन साठ फूट. जाताना हे साठ फूट सात मिनिटांत होतात. येताना चार तास यंत्राला लावून झालेले असतात, रक्तदाब खाली आलेला असतो, आणि तेच साठ फूट पर्वतीएवढे होतात. दोन फूट आठ इंचांतून वॉकर जातो, पण वॉकर धरणाऱ्या बाईला बाजूने धरणारं माणूस जात नाही. ते मागून चालतं आणि देवाचं नाव घेतं.

तर चिठ्ठी लिहायचं ठरलं. तोंडी का नाही, असं कोणी विचारील. तोंडी मी गेले वर्षभर सांगतो आहे. तोंडी सांगण्याचं एक व्याकरण असतं. "जरा तेवढी गाडी काढता का?" या वाक्यात 'जरा' आहे, 'तेवढी' आहे, आणि शेवटी 'का' आहे. माझ्याच रस्त्यावरून मला जायचं आहे आणि मी तीन वेळा वाकलो आहे. ते ताबडतोब गाडी काढतात, हसून काढतात, आणि मी "थँक्यू" म्हणतो. हे सर्वांत वाईट. हक्काची गोष्ट मागितली की ती मेहेरबानी होते, आणि मेहेरबानीबद्दल आभार मानावे लागतात. रस्ता अडल्याने माझी दहा मिनिटं जातात, त्याचं मला विशेष नाही. निवृत्त माणसाकडे मिनिटं असतात. पण रोज घंटी वाजवून थोडंसं लहान व्हायचं आणि समोरच्याने रोज थोडंसं उदार व्हायचं, हा व्यवहार मला पटत नाही. त्यातला अन्याय गाडीत नाही, घंटीत आहे.

व्हॉट्सअॅपवर लिहावं असं मुलगा म्हणाला. पण त्यावर आमचे शेजारी सकाळी गुलाबाचं फूल पाठवतात. गुलाबाच्या फुलाखाली 'सदर रस्ता' असे शब्द बरे दिसत नाहीत.

पहिला मसुदा मी लिहिला तो जातीवंत पुणेरी झाला. 'आपण शिक्षित आहात असे ऐकतो' अशी सुरुवात होती. लिहून फार बरं वाटलं. बायकोने वाचला आणि कणीक मळता मळता म्हणाली, "पाठवा. म्हणजे उद्यापासून वहिनी माझ्याशी बोलायच्या बंद." दुसरा मसुदा इतका नम्र झाला की वाचणाऱ्याला वाटावं, रस्ता त्यांचाच आहे आणि मी उसना मागतो आहे.

मग बायको म्हणाली, "आईचं लिहा ना. ती डायलिसिसला जाते म्हटल्यावर ते उद्यापासून गाडी लावणार नाहीत. माणुसकी आहे त्यांच्यात."

ते मलाही माहीत होतं. त्या एका ओळीने काम झालं असतं. आणि तरी ती ओळ माझ्याच्याने लिहवेना. दोन दिवस मी त्या ओळीशी भांडत होतो. घरात असं समजलं गेलं की मला पित्त झालं आहे.

माझी अडचण अशी. सासूबाईंचं कारण दिलं की रस्ता मोकळा होणार, पण तो सासूबाईंसाठी मोकळा होणार. म्हणजे त्यांच्या आजारपणाने तो विकत घेतला. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी मोकळा, आणि मंगळवारी? मंगळवारी मी फक्त भाजी आणायला निघालेलो असतो. भाजी हे काही माणुसकीला हाक मारणारं कारण नाही. आणि उद्या सासूबाई नसतील तेव्हा? तेव्हा त्यांच्याबरोबर आमचा रस्ताही जाणार काय? दयेवर मिळालेली वाट दयेचं कारण संपलं की बंद होते. शिवाय दुसरी एक गोष्ट मनाला टोचत होती. सासूबाई साठ फूट चालतात ते दात-ओठ खाऊन चालतात, पण कोणाला सांगत नाहीत. त्यांचं चालणं मी चिठ्ठीत घालून शेजारच्या घरी वाचायला पाठवायचं, हे त्यांना विचारल्याशिवाय करणं बरं नव्हे. विचारलं तर त्या "नको" म्हणणार, हेही ठाऊक होतं.

बायकोचं म्हणणं निराळं होतं, आणि ते मी प्रामाणिकपणे नोंदवतो, कारण ते खोडता आलेलं नाही. ती म्हणाली, "तुम्हाला तत्त्वाने रस्ता हवा आणि मला रिक्षा दारात हवी. शुक्रवारी आईला धाप लागली तर तुमचं तत्त्व तिला धरणार आहे का?" यावर उत्तर म्हणून मी चष्मा पुसला.

शेवटी आमच्यात तह झाला. चिठ्ठीत सासूबाई येणार नाहीत. पण चिठ्ठीचा महिनाभरात उपयोग झाला नाही, तर ती वहिनींशी स्वतः बोलेल, तिच्या पद्धतीने, आणि मी मध्ये पडणार नाही.

तक्रार कितीही गोड लिहिली तरी ती तक्रारच राहते. चिठ्ठी वाचून समोरच्याला काहीतरी करता आलं पाहिजे. म्हणून व्यवस्था सुचवायची होती. मी नाना तऱ्हा तपासल्या. सम-विषम तारखा हा शहरातला लोकप्रिय उपाय. पण शहरात सम तारखेला रस्त्याच्या एका कडेला लावतात आणि विषमला दुसऱ्या. आमच्याकडे कड कुठलीही धरली तरी रस्ता बंदच होतो, फक्त न्याय्य रीतीने बंद होतो. शिवाय एकतीस तारखेनंतर एक तारीख येते आणि दोन्ही विषम. साध्या वर्षात विषम दिवस 186 आणि सम 179 भरतात. सात दिवसांसाठी पुढच्या पिढीत वैर चालू राहिलं असतं. गाडीची किल्ली एकमेकांच्या खुंटीवर ठेवायची, हा दुसरा उपाय. त्यांची ती नव्या पद्धतीची, बटणाची गाडी मला सुरू करता येईल याची खात्री नाही, आणि भिंतीला घासली तर खुंटीसकट संबंध उखडतील.

उत्तर रस्त्यावरच होतं. फाटकापासून पस्तीस फुटांवर, जिथे पूर्वी आंब्याचं झाड होतं, तिथे अठरा फूट लांबीचा एक खोबणा आहे. झाडासाठी भिंत आत घेतली होती. झाड गेलं, भिंत तशीच राहिली. तिथे रस्त्याची रुंदी पंधरा फूट भरते. आरसे धरून सहा फूट चार इंचांची गाडी भिंतीपासून सहा इंच सोडून तिथे लावली, तर बाहेर आठ फूट दोन इंच उरतात. मोटार जाते, रिक्षा तर हसत जाते. साठ फुटांत गाडी उभी करण्याजोगी जागा ही एवढीच. म्हणजे भांडण साठ फुटांचं नव्हतंच, अठरा फुटांचं होतं.

चिठ्ठी अशी लिहिली:

'स. न. वि. वि. आपल्या सामाईक रस्त्यावर गाडी उभी राहिली की दोन्ही घरांची अडचण होते, आणि दरवेळी घंटी वाजवणं मला व दार उघडणं आपल्याला त्रासाचं होतं. आंब्याच्या जागी रस्ता पंधरा फूट आहे. तिथे पांढऱ्या रंगाने एका गाडीची चौकट आखावी. ती एक आठवडा आपली, एक आठवडा आमची, सोमवार ते रविवार. ज्याचा आठवडा असेल त्याच्याकडे पाहुणे नसतील आणि दुसऱ्याकडे असतील, तर चौकट पाहुण्यांची. चौकटीबाहेर गाडी फक्त सामान उतरवण्यापुरती, आणि तेव्हा चालवणारा गाडीपाशी. रंगाचा खर्च निम्मा निम्मा. यात आपल्याला काही बदल हवा असल्यास याच कागदावर लिहावा. कळावे, लोभ असावा.'

'दोन मिनिटं' हा शब्द मुद्दाम टाळला. 'चालवणारा गाडीपाशी' हे त्याचं औषध आहे. मिनिटं मोजायला गेलं की घड्याळांवरून भांडण होतं. माणूस गाडीजवळ आहे की नाही हे खिडकीतून दिसतं. पुण्यात नियम करायचा तर तो खिडकीतून तपासता येण्यासारखा करावा.

कायद्याचा एक शब्द घातला नाही, वाटणीपत्राचाही नाही. वकील मित्र यावर खट्टू झाला. पण मला एका प्राध्यापकाचं पुस्तक आठवत होतं. रॉबर्ट एलिक्सन हे त्यांचं नाव. कॅलिफोर्नियात शास्ता नावाच्या परगण्यात शेजाऱ्याची गुरं आपल्या रानात शिरली तर लोक काय करतात, हे त्यांनी तिथे जाऊन पाहिलं आणि 1991 साली त्यावर पुस्तक लिहिलं. गुरांनी नुकसान केलं तर जबाबदार कोण याचे तिथे कायदे होते. पण लोकांना ते नीट ठाऊकही नव्हते आणि त्यावाचून त्यांचं अडतही नव्हतं. ते मनात जमाखर्च ठेवत. यंदा तुझ्या बैलाने कुंपण मोडलं, गेल्या साली मी तुझं अवजार नेलं होतं, फिटंफाट. शेजाऱ्याकडून रोख भरपाई घेणं अशिष्ट मानत. कोर्टाची पायरी अगदी शेवटची. ती चढला तो शेजारी उरत नसे. आमच्याकडे गुरांच्या जागी मोटारी आहेत एवढाच फरक, आणि गुरांना निदान हाकलता येतं.

माझ्या जमाखर्चात शेजाऱ्यांच्या नावावर एकोणीस वेळा अडवणूक आहे. पण दुसऱ्या पानावर दोन उन्हाळे झाडांना घातलेलं पाणी आहे. त्या पाण्याचं मोजमाप मला करता आलेलं नाही. झाडं जिवंत आहेत, एवढं दिसतं.

चिठ्ठी मी त्यांच्या पेपरच्या पेटीत टाकली. दोन दिवस काही नाही. वहिनी जिन्यात भेटल्या, हवेबद्दल बोलल्या. तिसऱ्या दिवशी तोच कागद परत आला. खाली पेन्सिलीने लिहिलं होतं: 'मान्य. मात्र आंब्याच्या जागी ड्रेनेजचं चेंबर आहे, त्यावर गाडी आली तर झाकण उघडता येणार नाही. चौकट दोन फूट फाटकाकडे घ्यावी. आमच्या मोठ्या गाडीला पंधरा फूट लागतात, मोजून पाहू. रविवारी सकाळी.'

चेंबर मला चांगलं ठाऊक आहे. दर पावसाळ्यात ते तुंबतं आणि दोघांच्याही मोऱ्या एकदम बोलू लागतात. तेही सामाईकच.

रविवारी आम्ही टेप धरला. एक टोक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे. अठरा फुटांतले चेंबरचे दोन फूट वजा केले तर सोळा राहतात आणि त्यांची मोठी गाडी पंधरा फुटांची, म्हणजे ती आत घेताना चारपाच वेळा पुढे-मागे करावी लागणार. मुलाने एकदा करून दाखवलं. सातव्या प्रयत्नात बसली. शेजारी म्हणाले, "लहान गाडी इथे लावू, मोठीसाठी गॅरेज रिकामं करायला हवं." ट्रेडमिल तुम्हाला हवी आहे का, असंही त्यांनी मला विचारलं. मी नको म्हटलं.

खडूने रेघ मारून झाली तेव्हा सासूबाई व्हरांड्यात खुर्चीवर बसून पाहत होत्या. "कशाचं आखताय?" त्यांनी विचारलं. शेजारी म्हणाले, "आजी, गाडीसाठी. रस्ता मोकळा राहील आता." "बरं झालं," त्या म्हणाल्या, "यांना भाजी आणायला फार अडचण व्हायची."

रंग पांढरा की पिवळा यावर अजून एकमत झालेलं नाही. पिवळा रात्री जास्त दिसतो असं त्यांचं म्हणणं आहे. तूर्त खडूवर चाललं आहे, आणि पाऊस आला की पुन्हा मारावा लागेल.